उपकारस्तुती घरची, साक्ष कोणाची?

वाचकाचे पत्र

“आम्ही सांगलीत राहतो. गेल्या वर्षी माझ्या मिस्टरांना जीबीएस झाला. आधी पायातली ताकद गेली, मग हातातली, मग श्वास. दीड महिना व्हेंटिलेटर, गळ्याला छिद्र, त्यानंतर महिनोन्महिने फिजिओथेरपी. आता अकरा महिन्यांनी ते काठी घेऊन चालतात. सासूबाईंनी तेव्हा नवस केला होता, की पोरगा पायावर उभा राहिला तर घरी उपकारस्तुती करीन आणि मंडळीला जेवू घालीन. त्यांना मांडव, स्पीकर, तीनशे माणसं आणि मिस्टरांची साक्ष हवी आहे. मिस्टर म्हणतात, मी बोलणार नाही. दवाखान्याचं कर्ज अजून फिटायचं आहे. आणि याच वर्षात माझ्या नणंदेचे मिस्टर लिव्हरच्या आजाराने वारले. दोघांसाठीही त्याच मंडळीने उपासप्रार्थना केल्या होत्या. नणंद दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्यासमोर आम्ही कसं म्हणायचं, की देवाने आमचं ऐकलं? आणि नाही म्हटलं तर आम्ही कृतघ्न ठरतो का?”

उत्तर

ताई, नणंदेपासून सुरुवात करते. बाकीचे प्रश्न माणसांचे आणि पैशांचे आहेत, त्यांना वाट निघते. हा एक चुकला तर दोन घरांतलं बोलणं वर्षानुवर्षं अडकून राहतं.

प्रेषितांची कृत्ये यातला 12 वा अध्याय या आठवड्यात एकदा शांतपणे वाचा. आपण तो नेहमी पेत्राच्या सुटकेसाठी वाचतो. तुरुंगातून सुटलेला पेत्र रात्री मार्क म्हणवणाऱ्या योहानाच्या आईच्या, मरियेच्या घरी येतो, तिथे पुष्कळ माणसं जमून प्रार्थना करत असतात, आणि रुदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरते. घरातल्या प्रार्थनेचं एवढं जिवंत वर्णन दुसरं क्वचितच सापडेल. पण त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारलेलं आहे. मंडळी तीच आणि ते दिवसही तेच. याकोबासाठी त्या घरात कोणी गुडघे टेकले नसतील असं मला तरी वाटत नाही. तरीही एक गेला आणि एक परत आला. लूकने दोन्ही गोष्टी एका पानावर लिहिल्या आणि असं का झालं हे कुठेही लिहिलं नाही.

पौलाचंही तसंच आहे. एपफ्रदीत मरता मरता वाचला, तेव्हा पौल फिलिप्पैच्या मंडळीला मोकळेपणाने कळवतो, की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. तोच पौल तीमथ्याला पाठवलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी एका ओळीत सांगतो, की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेताला ठेवून आलो. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, असा एक शब्दही तिथे नाही.

म्हणून तुमच्या पत्रामागचं एक गृहीत मला आधी बाजूला ठेवावंसं वाटतं. आभार मानायचे म्हणजे आपल्याला का मिळालं आणि दुसऱ्याला का नाही, याचा हिशेब आपल्याकडे असला पाहिजे, असं तुम्ही धरून चालला आहात. त्याची गरज नाही. जे मिळालं त्याचं नाव घेऊन आभार मानता येतात आणि कारण देवाकडे सोडता येतं. दुखतं ते कारण सांगितलं की. “आमचा विश्वास डगमगला नाही”, “मंडळीच्या प्रार्थनेत सामर्थ्य होतं म्हणून”, “देव आपल्या लेकरांना सोडत नाही” ही वाक्यं उपकारस्तुतीत सहज तोंडात येतात. तुमच्या नणंदेच्या कानाने ऐका. विश्वास डगमगला नाही म्हणजे तिचा डगमगला होता का? तिच्या नवऱ्याला देवाने सोडलं का? बोलणाऱ्याच्या मनात असं काही नसतं, पण ऐकणारीला दुसरं काही ऐकूच येत नाही.

तिच्याशी आधी बोलायचं, आणि ते तुमच्या मिस्टरांनी बोलायचं. ते तिचे भाऊ आहेत आणि आजाराची चव दोघांनी घेतली आहे, एकाने अंगावर आणि एकीने उशाशी बसून. फोनवर नको आणि सासूबाईंच्या हाती निरोपही नको. काठी टेकत दोन गल्ल्या जावं आणि सरळ विचारावं: “ताई, आई प्रार्थना ठेवायची म्हणतेय. तू यावंस असं मला वाटतं, पण नाही आलीस तरी मी समजून घेईन. दाजींचं नाव घेतलेलं तुला चालेल का?” एवढंच. तिला तिथल्या तिथे उत्तर द्यायला लावू नका. काही जणींना नवऱ्याचं नाव चार माणसांत घेतलं गेलं की बरं वाटतं, कारण महिन्या-दोन महिन्यांनंतर कोणी ते नाव घेतच नाही. काही जणींना ते सहन होत नाही. ती कुठल्या बाजूची आहे हे तिलाच ठाऊक. ती म्हणाली, मी येणार नाही, तर प्रार्थना झाल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही जा, शिऱ्याचा डबा घेऊन, आणि कार्यक्रमाचं वर्णन न करता बसा. तारीख ठरवताना दाजींच्या स्मरणदिनाच्या आसपासचे आठवडे आणि त्यांच्या लग्नाचा वाढदिवस टाळा. हे सासूबाईंच्या लक्षात असेल असं धरून चालू नका, स्वतः कॅलेंडर बघा.

आता मिस्टरांच्या साक्षीकडे येते. मी मिरजेत परिचारिका म्हणून काम केलं आहे आणि व्हेंटिलेटरवरचे जीबीएसचे रुग्ण जवळून पाहिले आहेत. या आजारात शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. स्नायू हलत नाहीत, कधी पापणीही जड होते, पण बऱ्याच रुग्णांचं मन जागं असतं. त्यांना ऐकू येतं, दुखतं, नळीतून कफ ओढताना जीव घुसमटतो, आणि “थांबा” म्हणायला बोटसुद्धा उचलता येत नाही. आयसीयूतल्या दिवसरात्रीच्या गोंधळात काहींना भलतेसलते भास होतात आणि घरी आल्यावरही ते आठवत राहतात. तुम्ही सगळे त्या काळात बाहेरच्या बाकावर बसून प्रार्थना करत होतात. तुमच्या गोष्टीला सुरुवात आहे, रात्री आहेत आणि एक दिवस डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलेली चांगली बातमी आहे. त्यांच्या गोष्टीत तेच दिवस छताकडे बघत पडून काढलेले आहेत. एकाच दीड महिन्याच्या या दोन वेगळ्या आठवणी आहेत. सासूबाई त्यांना साक्ष द्यायला सांगतात म्हणजे बाकावरची गोष्ट पलंगावरच्या माणसाच्या तोंडून मागतात. ते गप्प आहेत त्यात कृतघ्नता नाही. कदाचित त्यांना जे सांगावंसं वाटतं ते मांडवात सांगण्यासारखं नसेल.

आणि शास्त्रातली आभाराची गीतं तर या बाबतीत फार मोकळी आहेत. हिज्कीया राजा मरणाच्या दारातून परतला, देवाने त्याला आणखी 15 वर्षं दिली, त्यानंतर त्याने लिहिलेलं गीत यशयाच्या 38 व्या अध्यायात आहे. मोजून पाहा, गीताचा मोठा भाग तक्रारीचा आहे: माझी हाडं मोडली, मी पाखरासारखा चिवचिवत राहिलो, वर बघून बघून डोळे शिणले. आभार शेवटाकडे येतात आणि थोडक्यात येतात. त्याच अध्यायात अंजिरांचा लेप गळवावर बांधायची सूचनाही जशीच्या तशी नोंदवलेली आहे. औषधाचा उल्लेख केल्याने देवाचा मान कमी होतो असं तिथे कोणाला वाटलेलं दिसत नाही.

मार्काच्या 5 व्या अध्यायात याइराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभूने उठवलं, तेव्हा घरच्यांना दोन गोष्टी सांगितल्या. हे कोणाला कळू देऊ नका, आणि तिला खायला द्या. पहिली आज्ञा आपण फार लवकर विसरतो. साक्ष ही चांगली गोष्ट आहे, पण ती ज्याची त्याने, त्याच्या वेळेला द्यायची असते. आजारातून उठलेल्या माणसाकडून ती वसूल करायची नसते.

साक्षीत आणखी एक धोका आहे, तो मी परिचारिका म्हणून सांगते. चार माणसांत “प्रभूने पूर्ण बरं केलं” असं एकदा म्हटलं, की त्या माणसाला पुन्हा आजारी पडायची सोय राहत नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना फिट्स येत असत. गोळ्यांनी त्या थांबल्या, घरी मोठी सभा झाली, त्यांनी साक्ष दिली. नंतर त्यांना वाटू लागलं, की आता गोळी घेणं म्हणजे साक्षीला खोटं पाडणं. गोळ्या गुपचूप बंद झाल्या, पुन्हा फिट आली, आणि ती त्यांनी बायकोपासूनही लपवली. पुढे मोटरसायकलवरून पडल्यावर सगळं बाहेर आलं. तुमच्या मिस्टरांच्या आजारात नसांची दुरुस्ती वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त चालते. पाऊल उचलताना अडखळणं आणि संध्याकाळी अंगातलं सगळं बळ संपून जाणं, हे चालायला लागल्यावरही पुष्कळ दिवस राहतं. थोड्या जणांना हा आजार पुन्हाही होतो. म्हणून प्रार्थनेत “बरे झाले” म्हणू नका, “इथवर आणलंस” म्हणा. ते खरंही आहे, आणि उद्या त्यांना पायात मुंग्या आल्या तर बिनधास्त डॉक्टरकडे जाता येईल एवढी मोकळीक त्यात उरते.

त्यांना पूर्ण गप्प राहायचं असेल तर राहू द्या. मधला मार्ग हवा असेल तर दोन आहेत. त्यांनी बसल्या जागी शास्त्रपाठ वाचावा. गळ्यातली नळी काढल्यावर आवाज पुष्कळदा बारीक राहतो, म्हणून पाठ छोटा ठेवा. किंवा काय झालं त्याची माहिती तुम्ही पाच-सात वाक्यांत सांगावी आणि ती वाक्यं आधी त्यांना दाखवावी.

पाठ कोणता, यालाही महत्त्व आहे. अशा वेळी बहुतेक घरांत स्तोत्र 103 वाचतात. सुंदर आहे, पण त्यात देव तुझे सर्व रोग बरे करतो असं वचन आहे, आणि ज्या खोलीत तुमची नणंद बसणार तिथे त्या दिवशी ते नको. त्याऐवजी स्तोत्र 116 घ्या. ते मरणाच्या पाशातून सुटलेल्या एका माणसाचं आभाराचं गीत आहे, आणि अवघं 19 वचनांचं आहे. “माझी वाणी ऐकली” असं तो स्वतःपुरतं म्हणतो. घाबरलेपणात मी माणसांविषयी काय काय बोललो, हेही तो लपवत नाही. आणि 15 वं वचन, जे आपण एरवी अंत्यविधीला ऐकतो, ते याच गीतात आहे: भक्तांचं मरण परमेश्वराच्या दृष्टीने मोलाचं आहे. वाचलेल्या माणसाच्या गीतात गेलेल्यांसाठी आधीपासूनच जागा ठेवलेली आहे. मिस्टरांनी पहिली चार वचनं वाचावीत, बाकीची घरातल्या दुसऱ्या कोणी.

सासूबाईंच्या नवसाबद्दल मला त्यांची बाजू घ्यायची आहे. ज्या रात्री मुलगा यंत्रावर होता त्या रात्री त्यांच्या हातात देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तो नवस हलका करून बोलू नका, “आई, देव काही जेवण मागत नाही” असं तर मुळीच नको. शास्त्रही केलेला नवस फेडायला सांगतं. पण त्यांनी नेमके कोणते शब्द उच्चारले होते ते त्यांनाच आठवायला सांगा. तुमच्या पत्रावरून शब्द दोनच दिसतात, घरी उपकारस्तुती आणि मंडळीला जेवण. तीनशे हा आकडा, मांडव, स्पीकर, साक्ष हे नंतर जोडलं गेलं असावं. आणि नवस त्यांचा आहे. दुसऱ्याच्या तोंडून काय वदवून घ्यायचं, हे त्यात कधीच नसतं.

लेवीय 7 मध्ये उपकारस्तुतीचं अर्पण आणि नवसाचं अर्पण वेगवेगळं सांगितलं आहे. उपकारस्तुतीच्या अर्पणाचं मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाचं दुसऱ्या दिवशीही चालायचं. एका दिवसात ते एका घराला संपणं कठीण, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणं त्या नियमातच आलं. तेव्हा माणसं बोलावून एकत्र खाणं हा उपकारस्तुतीचाच भाग आहे, यात सासूबाईंचं चुकत नाही. आणि लेवीय 27 च्या 8 व्या वचनात त्यांच्यासाठी फार दिलाशाची तरतूद आहे. नवस करणारा ठरलेलं मोल देऊ शकत नसेल इतका गरीब असेल, तर त्याने याजकाकडे जावं आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावं. नवस मोडायचा नाही, ऐपतीत बसवायचा, आणि बसवणारा घरचा माणूस नसावा. म्हणून तुम्ही किंवा मिस्टरांनी सासूबाईंशी वाद घालू नये. पाळकसाहेबांना एकटं गाठून कर्जाची खरी परिस्थिती सांगा, हे वचन त्यांना दाखवा, आणि त्यांनाच सासूबाईंशी बोलायला सांगा. सून बोलली तर कंजूसपणा दिसतो. पाळकसाहेब बोलले तर सासूबाईंच्या मनावरचं ओझं उतरतं.

माझ्या मते नवसाचे दोन भाग करावेत. उपकारस्तुती घरी, जवळच्या पंचवीस-तीस माणसांत. मंडळीचं जेवण म्हणून एखाद्या रविवारी उपासना सुटल्यावर देवळाच्या आवारात सगळ्यांना चहा-पोहे, आणि ते वाढायला सासूबाई स्वतः उभ्या. त्यासाठी महिला मंडळाच्या चारजणी मदतीला येतील. मंडळी जेवली, घरी स्तुती झाली, शब्द पाळला. कर्ज काढून मांडव घालू नका. एवढं सांगून पैशांचा विषय मी सोडते.

घरची प्रार्थना साडेचार वाजता ठेवा. आपल्याकडे घरसभा साडेसात-आठला ठेवायची सवय आहे, पण तुमच्या मिस्टरांचं बळ त्या वेळेपर्यंत संपलेलं असेल. शिवाय सांगलीत शेजारीपाजारी जैन घरं असतातच, त्यांना सूर्यास्तापूर्वी खायचं असतं. साडेचारला सुरू करून सव्वापाचला संपलं, की त्यांनाही तुमच्याबरोबर खाता येईल. खायला शिरा, केळी आणि चहा एवढंच असावं. कांदा-लसूण-बटाट्याचा प्रश्नच येत नाही. आजारपणात ज्या शेजारणीने डबे पोचवले, जिने गणपतीच्या देवळात त्यांच्यासाठी अभिषेक केला, ज्या चाचांनी मिरजेच्या दर्ग्यात दुवा मागितली, त्यांना बोलवा आणि आधीच सांगा, की तुम्ही फक्त बसायचं आहे, काही म्हणायचं किंवा करायचं नाही. नाहीतर पाहुण्यांना कधी उभं राहावं, डोळे मिटावेत की नाही, याचाच ताण येतो.

सतरंजीवर बसायची पद्धत असली तरी मिस्टरांना हात असलेली खुर्ची द्या. जमिनीवरून उठणं हे त्यांच्यासाठी अजून सगळ्यांत अवघड काम असेल, आणि वीस माणसांदेखत दोघांनी बगलेत धरून उठवणं कोणाला आवडत नाही. खुर्ची दाराजवळ ठेवा, म्हणजे थकले तर आतल्या खोलीत जाता येईल. त्यांच्या शेजारी दोन-तीन खुर्च्या आणखी ठेवा, म्हणजे ते एकटेच उंच बसलेले दिसणार नाहीत. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची का, हे त्यांना आधी विचारा. इतके महिने परक्या हातांनी अंग उलटंपालटं झालेल्या माणसाला अचानक चार हात नकोसे वाटू शकतात. नको म्हणाले तर पाळकसाहेबांना तसं आधीच सांगून ठेवा.

क्रम असा धरता येईल. सुरुवातीला सगळ्यांना येणारं एक भजन, पेटी असली तर पेटीवर. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं एखादं चालेल. त्यांनी अखेरच्या काळात साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता, आपल्या भागातल्या घरांना त्यांच्या चाली परक्या नाहीत, आणि अभंगाच्या वळणामुळे हिंदू शेजाऱ्यांनाही त्या ओळखीच्या वाटतात. मग स्तोत्र 116. मग तुमची पाच-सात वाक्यं: काय झालं, कोणी काय केलं, आता कुठे आहोत. त्यानंतर पाळकसाहेबांचे दोन शब्द, सात-आठ मिनिटं. त्यांना विनंती करा, की दहा कुष्ठरोग्यांचा उतारा या वेळी नको, कारण त्यात न परतलेल्या नऊ जणांवर बोलता बोलता खोलीतल्या कोणावर तरी रोख जातो. मग घरची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून, आणि आशीर्वचन. दानार्पणाची थैली घरच्या सभेत फिरवू नका, पाहुणे गोंधळतात.

घरची प्रार्थना उत्स्फूर्त करावी असा आग्रह असतो, पण तुमच्या घरात या वेळी ती लिहून काढलेली बरी. उत्स्फूर्त बोलताना गळा भरून येतो आणि मघाशी सांगितलेली ती वाक्यं आपोआप बाहेर पडतात. मी एक मसुदा देते. तुमच्या शब्दांत बदलून घ्या.

“हे देवबापा, आम्ही तुझ्यापुढे आलो आहोत. तू आम्हाला इथवर आणलंस, म्हणून तुझे आभार मानतो. ज्या रात्री आम्हाला प्रार्थना सुचत नव्हती त्या रात्री ज्यांनी आमच्यासाठी केली, त्यांच्यासाठी तुझे आभार. डॉक्टर, सिस्टर, मावशी, रोज पाय हलवून घेणारे फिजिओथेरपिस्ट, डबा आणणारे शेजारी, पैसे उसने देऊन परत न मागणारे नातलग, यांच्यासाठी तुझे आभार. ज्यांच्या रक्तातून औषध तयार झालं आणि ज्यांची नावं आम्हाला कधी कळणार नाहीत, त्यांना तू ओळखतोस, त्यांना आशीर्वाद दे. जे दिवस यांनी एकट्याने सोसले, ते तू पाहिलेस. जे अजून दुखतं, जे अजून हलत नाही, तेही तुझ्या हाती देतो. आमच्या घरातून जे तुझ्याकडे आले, त्यांच्यावर आमचं प्रेम आहे. त्यांची आठवण आम्ही आज तुझ्यापुढे आणतो. आम्हाला सगळं समजलेलं नाही. जे समजलं नाही त्यासह आम्ही तुझ्याजवळ राहतो. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.”

रक्तातल्या औषधाची ओळ मी मुद्दाम घातली आहे. जीबीएसमध्ये आयव्हीआयजीच्या ज्या बाटल्या चढवतात, ते औषध एक हजाराहून अधिक लोकांनी दिलेल्या रक्तद्रव्यातून वेगळं काढलेलं असतं. तुमच्या मिस्टरांना त्या बाटल्या दिल्या असतील तर ओळ ठेवा. त्याऐवजी प्लाझ्मा बदलला असेल, म्हणजे रक्त बाहेर काढून त्यातलं रक्तद्रव्य वेगळं करण्याचा उपचार झाला असेल, तर डिस्चार्जच्या कागदावर बघून ओळ तशी बदला. प्रार्थनेत खोटं काही जाऊ नये म्हणून एवढं बघावं.

गेलेल्यांच्या वाक्यात दाजींचं नाव नणंदेने होकार दिला असेल तरच घाला. होकार नसेल तर वाक्य आहे तसंच ठेवा. ती खोलीत असेल तर तिला कळेल, आणि इतरांच्या नजरा तिच्याकडे वळणार नाहीत. ते वाक्य वाचताना तुम्हीही तिच्याकडे बघू नका.

सासूबाईंना या क्रमात एक जागा हवी, नाहीतर त्यांना वाटेल की कार्यक्रम आपल्या हातून काढून घेतला. आशीर्वचनाच्या आधी त्यांनी उभं राहून एकच वाक्य म्हणावं: “मी प्रभूला जे बोलले होते ते आज पुरं केलं.” म्हातारी माणसं एका वाक्यावर थांबत नाहीत, हे मला ठाऊक आहे. थोडं लांबलं तर लांबू द्या. त्यांनी मुलाकडे बघून “आता तू बोल” असं म्हटलंच, तर त्या क्षणी काय करायचं ते पाळकसाहेबांशी आधी ठरवून ठेवा. त्यांनी लगेच प्रभूची प्रार्थना सुरू करावी. सगळे त्यात सामील होतात आणि मिस्टरांना कोणाला नकार द्यावा लागत नाही.

हे सगळं ठरवण्याआधी, सासूबाईंना किंवा पाळकसाहेबांना भेटण्याआधी, क्रम आणि प्रार्थनेचा कागद मिस्टरांच्या हातात द्या आणि सोबत पेन्सिल द्या. त्यांनी एखादी ओळ खोडली तर का खोडली हे विचारू नका, ती खोडलेलीच राहू द्या. तारीखही त्यांनाच सांगू द्या. आणखी दोन महिने थांबूया म्हणाले, तर सासूबाईंना मी सांगितलं म्हणून सांगा, की नवसाला त्यांनी तारीख घातली नव्हती.